डोळ्याची तक्रार, मग डोक्याचा एमआरआय कशाला?

"डॉक्टर, डावा डोळा गेलाय. तेवढा बघून द्या," असं म्हणत काका समोर बसले. वय 62. आयुष्यभर आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालखात्यात, पत्रांची वर्गवारी करण्यात गेलेलं. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी डोक्याचा मागचा भाग ठणकला होता आणि त्या दिवसापासून डावीकडे काहीतरी बिनसलं होतं. स्कूटर फाटकाच्या डाव्या खांबाला दोनदा घासली. जेवताना "आज चटणी नाही का?" असं विचारायचे आणि काकू वैतागायच्या, कारण चटणी ताटात डावीकडे वाढलेलीच असायची. पेपर वाचायला जमत होता, पण पोथी वाचताना ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवातच सापडेना. चष्म्याच्या दुकानात तपासणी झाली, तर दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. दुकानदाराने नंबर थोडा बदलून नवा चष्मा दिला. फरक शून्य.

मी तपासलं आणि मेंदूचा एमआरआय लिहून दिला. सोबत आलेला मुलगा जरा चाचरत म्हणाला, "राग मानू नका डॉक्टर, पण तक्रार डोळ्याची आणि फोटो डोक्याचा?"

प्रश्न रास्त होता. चिठ्ठीत ही तपासणी दिसली की बऱ्याच घरांत तो विचारला जातो; कुणी तोंडावर विचारतो, कुणी घरी गेल्यावर. त्याचं उत्तर डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या वाटेत आहे. ती वाट तुटली की नजरेचा कुठला तुकडा हरवतो, त्यावरून ती कुठे तुटली हे बरंचसं सांगता येतं.

## डावा डोळा आणि डावी बाजू

काकांना मी आधी डावा डोळा झाकायला सांगितला. "सरळ माझ्या नाकाकडे बघा." आणि त्यांच्या डावीकडे दोन बोटं धरली. दिसली नाहीत. उजवीकडे धरली, लगेच मोजली. ते चकित झाले, कारण या वेळी 'गेलेला' डोळा झाकलेला होता आणि बघत होता तो चांगला, उजवा डोळा. मग उजवा झाकला. पुन्हा तेच: डावीकडचं गायब, उजवीकडचं ठीक.

म्हणजे डावा डोळा गेलेलाच नव्हता. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली होती.

अशा रुग्णांपैकी बहुतेक जण "एक डोळा गेला" असंच सांगतात. डावीकडचं दिसत नाही म्हणजे डावा डोळा खराब, हा हिशेब अगदी स्वाभाविक आहे. पण डावा डोळा काही फक्त डावीकडचं बघत नाही. प्रत्येक डोळ्याला दोन्हीकडचं दिसतं. सरळ समोर पाहताना तो कानाच्या बाजूला साधारण 90 अंशांपर्यंत पाहतो आणि नाकाच्या बाजूला साधारण 60 अंशांपर्यंत. नजर न हलवता जेवढं दिसतं त्या सगळ्या पसाऱ्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. पुढचं सगळं या एका शब्दावर चालतं.

## टपालाची वर्गवारी

पुढचं मला काकांच्याच धंद्यातून समजवता आलं, म्हणून इथेही तसंच सांगतो.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. भिंगातून येणारं चित्र त्यावर उलटं पडतं: वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. त्यामुळे डावीकडच्या जगाचं चित्र दोन्ही डोळ्यांत पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर उमटतं. डाव्या डोळ्यात हा अर्धा भाग नाकाकडचा असतो आणि उजव्या डोळ्यात कानाकडचा.

पडद्यावरून निघालेले सुमारे 12 लाख बारीक तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस होते. आता दोन डोळे म्हणजे दोन गावं समजा. प्रत्येक गावातून टपालाची एक थैली निघते. तिच्यात 'डावं जग' आणि 'उजवं जग' अशा दोन्ही पत्त्यांची पत्रं मिसळलेली असतात. दोन्ही थैल्या एका जंक्शनवर येतात आणि तिथे वर्गवारी होते. डाव्या जगाची पत्रं, मग ती कुठल्याही गावातून आलेली असोत, मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीत चढतात. उजव्या जगाची पत्रं डाव्या अर्ध्याकडे जातात.

हे जंक्शन मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या साधारण एक सेंटिमीटर वर असतं. दोन नसा तिथे फुलीसारख्या मिळतात. ग्रीक लिपीतल्या फुलीसारख्या अक्षरावरून त्याला कायझम म्हणतात, आपण चौक म्हणू. सगळे तंतू इथे बाजू बदलत नाहीत. फक्त नाकाकडच्या अर्ध्या पडद्याचे तंतू, म्हणजे साधारण 53 टक्के, पलीकडे जातात. कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात. अशी अर्धवट अदलाबदल होत असावी हा अंदाज न्यूटनने 1704 सालीच छापून ठेवला होता. इंग्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ विल्यम वोलास्टन यांना तर तो स्वतःवरच पडताळता आला. त्यांची अर्धी नजर थोड्या वेळापुरती जायची. एकदा दारावर 'जॉन्सन' हे नाव असताना त्यांना शेवटचं 'सन' तेवढं दिसलं. त्यावरून त्यांनी 1824 मध्ये नसांच्या अर्धवट फुलीचा सिद्धान्त मांडला.

काका लगेच म्हणाले, "म्हणजे जंक्शनच्या आधी थैली हरवली तर एका गावाचं सगळं टपाल जाणार. आणि नंतर गाडी अडकली तर एका पत्त्याचं जाणार, पण दोन्ही गावांचं." त्यांना यापेक्षा जास्त समजवावं लागलं नाही.

## चौकाच्या अलीकडे: एकच डोळा

नसेला सूज आली, काचबिंदूने ती सुकत गेली किंवा तिचा रक्तपुरवठा तुटला, तर त्रास त्याच डोळ्यापुरता राहतो. तो डोळा झाकला की बाकी सगळं स्वच्छ. तरुण माणसाला नसेची सूज आली तर डोळा हलवताना दुखतो आणि लाल रंग विटल्यासारखा दिसतो. एक लाल झाकण दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहिलं की एका डोळ्याला कुंकवासारखं लाल दिसतं, दुसऱ्याला विटकरी.

आमच्या हातात इथे एक स्वस्त आणि फार उपयोगी हत्यार असतं: टॉर्च. प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर असा झुलवत न्यायचा. निरोगी नसेच्या डोळ्यावर तो आला की बाहुल्या लहान होतात. आजारी नसेच्या डोळ्यावर आला की दोन्ही बाहुल्या उलट मोठ्या व्हायला लागतात, कारण त्या नसेतून मेंदूला प्रकाश कमी पोहोचतो. काकांच्या बाहुल्या दोन्हीकडे चोख वागल्या. तपास चौकाच्या मागे सरकला.

आणखी एक खूण आहे, ती मला सगळ्यांत सुबक वाटते. पडद्यावरचे तंतू नसेत शिरताना वरचे वरून आणि खालचे खालून वळसा घालून येतात, त्यामुळे नसेच्या दुखण्यात हरवलेल्या भागाची कड पुष्कळदा आडव्या मध्यरेषेवर थांबते. वरचा किंवा खालचा पट्टा जातो. चौकात मात्र डाव्या-उजव्याची वाटणी होते, त्यामुळे चौकात आणि त्याच्या मागे बिघाड असेल तर कड उभ्या मध्यरेषेवर थांबते. दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या फिल्ड टेस्टचा कागद हातात आला की मी आधी ही रेषा शोधतो: आडवी की उभी?

## चौकात: दोन्ही बाहेरच्या बाजू

चौकाच्या मध्यातून पलीकडे जाणारे तंतू जातात, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या पडद्याचे. ते बघतात कानाकडचं जग. पिट्युटरीची गाठ वाढून वर सरकली की ती याच तंतूंना खालून दाबते. डाव्या डोळ्याची डावी बाजू आणि उजव्या डोळ्याची उजवी बाजू जाते. दाब खालून येत असल्यामुळे सुरुवात बहुधा बाहेरच्या वरच्या कोपऱ्यांपासून होते.

यातला फसवा भाग असा, की दोन्ही डोळे उघडे असताना रुग्णाला फारसं काही जाणवत नाही. डाव्या डोळ्याला हरवलेली डावी बाजू उजवा डोळा त्याच्या नाकाकडच्या 60 अंशांत भरून काढतो आणि उलटही. मग तक्रारी भलत्याच येतात: सुईत दोरा ओवता येत नाही, आकडे ओळीत जुळत नाहीत, मधूनच दोन-दोन दिसतं. सुईचं कारण मजेशीर आहे. सुईवर नजर रोखली की तिच्या मागे असलेलं सगळं दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या भागात पडतं, आणि तेच भाग तर गेलेले असतात. सुई दिसते, तिच्या मागचं जग नाहीसं होतं.

अशा वेळी पाळी थांबणं, बाळ नसताना दूध येणं, अंगठी किंवा चप्पल घट्ट होत जाणं हे प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरनेही विचारायचे असतात. उत्तर 'हो' आलं तर संशय पक्का होतो. दाब वेळेत काढला तर नजर चांगली सुधारू शकते. काही गाठी नुसत्या गोळ्यांनी आकसतात, काही नाकावाटे काढतात.

काकांच्या दोन्ही डोळ्यांची *एकच* बाजू गेली होती, म्हणून चौकही सुटला. आता उरली वर्गवारीनंतरची गाडी, आणि तीही उजवीकडची.

## चौकाच्या मागे: लांब वळणाची वाट

दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाणं याला हेमिअनोपिया म्हणतात. उजव्या मेंदूत बिघाड असेल तर डावीकडची जाते, डाव्या मेंदूत असेल तर उजवीकडची. इतकं कळलं तरी नेमकं कुठे हे राहतंच, कारण चौकापासून मेंदूच्या मागच्या टोकापर्यंत वाट लांब आहे.

चौकानंतर तंतू मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसजवळच्या एका थांब्यावर पोहोचतात आणि तिथून नवे तंतू पंख्यासारखे पसरत मागे जातात. पसरताना वरच्या जगाचे तंतू थोडे पुढे, कानशिलामागच्या टेम्पोरल भागात वळसा घालून मग मागे वळतात. खालच्या जगाचे तंतू वरच्या पॅरायटल भागातून सरळ जातात. त्यामुळे उजव्या टेम्पोरल भागात दुखणं असेल तर डावीकडचा *वरचा* पाव भाग जातो, उजव्या पॅरायटल भागात असेल तर डावीकडचा *खालचा*. फिटसाठी टेम्पोरल भागाची शस्त्रक्रिया होते तेव्हा सर्जन या वळशाबद्दल आधीच सांगून ठेवतात: वरचा कोपरा थोडा जाऊ शकतो.

दोन्ही डोळ्यांकडून एकाच जागेबद्दल निघालेली पत्रं हळूहळू एकमेकांशेजारी येत जातात. चौकाच्या लगेच मागे ती अजून नीट शेजारी आलेली नसतात, म्हणून तिथल्या बिघाडात दोन डोळ्यांच्या नकाशांचे आकार वेगवेगळे येतात. जितकं मागे जावं तितके ते जुळत जातात. काकांची फिल्ड टेस्ट आली तेव्हा दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले; एकाच साच्यातून काढल्यासारखे. बिघाड अगदी मागे, शेवटच्या स्थानकात.

## शेवटचं स्थानक, आणि पेपर का वाचता आला

शेवटचं स्थानक मेंदूच्या मागच्या टोकाला, डोक्याच्या मागे जिथे आपण हात टेकतो त्या हाडाच्या आत आहे. तिथे नजरेचा नकाशा पसरलेला असतो, आणि तो फार पक्षपाती आहे. आपण थेट रोखून पाहतो त्या मधल्या 10 अंशांना निम्म्याहून जास्त जागा, ती पण सगळ्यांत मागच्या टोकाला. उरलेल्या अवाढव्य पसाऱ्याला बाकीची.

हा नकाशा शोधायला युद्ध कारणीभूत झालं. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात वेगवान, बारीक गोळ्या आल्या. त्या कवटीतून आरपार जायच्या आणि माणूस पुष्कळदा जगायचा. जखमी सैनिकांना निवृत्तिवेतन ठरवण्यासाठी नजर किती गेली ते मोजायचं काम तात्सुजी इनोये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे आलं. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली यावरून तिची वाट मोजायची आणि नजरेतलं छिद्र तिच्याशी जुळवायचं, असं करत त्याने नकाशा उभा केला आणि 1909 मध्ये जर्मन भाषेत छापला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी फ्रान्समध्ये याच वाटेने जाऊन तो पक्का केला.

काकांच्या बाबतीत या नकाशाचा उपयोग असा. या भागाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बंद पडली तरी अगदी मागच्या टोकाला बऱ्याच लोकांत दुसऱ्या धमनीचीही फांदी येते. मग डावी बाजू जाते, पण नजरेच्या अगदी मधला लहानसा भाग वाचतो. पेपरातले अरुंद रकाने त्या वाचलेल्या भागात मावतात. पोथीची लांब ओळ मावत नाही: ओळ संपली की तिची सुरुवात आंधळ्या बाजूला गेलेली असते. तपासायच्या आधीच काकांनी निदान सांगून टाकलं होतं म्हणायचं.

## मग चष्म्याच्या दुकानात का सापडलं नाही?

कारण अक्षरांचा तक्ता फक्त नजरेचा मध्य तपासतो. 6/6 म्हणजे मधल्या काही अंशांची धार शाबूत आहे, एवढंच. दुकानदाराची चूक म्हणता येणार नाही. ते काम त्याचं नाही. पण एका बाजूला सारखी धडक बसणं आणि 6/6 नजर हे दोन्ही एकत्र आलं, तर कुणीतरी कडा तपासायला हव्यात.

## अर्धं जग गेलं तर काळं दिसायला नको का?

मुलाने हेही विचारलं. उत्तर त्याला कागदावर दाखवलं. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्याने फुलीकडे पाहत राहा आणि कागद साधारण 30 सेंटिमीटरवर धरून हळूहळू पुढेमागे करा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो. तिथे काळं छिद्र दिसत नाही, कोराच कागद दिसतो. जिथून नस डोळ्याबाहेर पडते तिथे पडदाच नसतो, ठिपक्याचं चित्र नेमकं तिथे पडलं. हा डाग तुम्हाला जन्मापासून आहे आणि आजवर कधी जाणवला नाही. काकांचंही तसंच, फक्त मोठ्या मापात. आपल्या पाठीमागे काळोख दिसतो का? तिथे काहीच 'दिसत' नाही, तसंच त्यांच्या डावीकडे.

## हे घरी तपासता येतं का?

ढोबळमानाने येतं. हातभर अंतरावर समोरासमोर, एका उंचीवर बसा. समोरच्याने एक डोळा झाकायचा, तुम्ही समोरासमोर येणारा तुमचा डोळा मिटायचा, म्हणजे त्याचा डावा तर तुमचा उजवा. त्याने तुमच्या नाकाकडेच पाहायचं. दोघांच्या मधोमध हात धरून चारही कोपऱ्यांत आलटून पालटून एक, दोन किंवा पाच बोटं दाखवा आणि मोजायला सांगा. मग दुसरा डोळा. तुम्हाला दिसतं आणि त्याला दिसत नाही असा कोपरा सापडला, तर डॉक्टरकडे न्या.

मात्र चाचणीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीचा काचबिंदू आणि लहान छिद्रं यात हमखास निसटतात. त्यासाठी यंत्रावरची फिल्ड टेस्ट लागते. आणि नजर *अचानक* गेली असेल तर घरी बोटं मोजत बसायचंच नाही. मेंदूतली धमनी बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. हातपाय लुळे पडले की लोक धावतात. अर्धी नजर गेली तर "उद्या चष्मा बघू" म्हणतात. काकांचेही तीन आठवडे असेच गेले होते.

## फोटोत काय आलं

एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या मागच्या भागात रक्तपुरवठा तुटल्याचा डाग दिसला. पण जागा तर बऱ्यापैकी आधीच कळली होती, मग एमआरआय कशाला, असं तुम्ही विचाराल. दृष्टिक्षेत्र *कुठे* ते सांगतं, *काय* ते सांगत नाही. त्याच जागी गाठ, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असेल तरी नजरेचा नकाशा तसाच येतो आणि उपचार मात्र अगदी वेगळे असतात. इथे गुठळी होती. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित निघाले. अशा हृदयात रक्त साकळून गुठळी मेंदूत जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू झालं. पुढचा झटका टाळायचा तर तेच महत्त्वाचं होतं.

नजर आपली आपण परत येते ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. सहा महिन्यांनंतर फारशी आशा धरता येत नाही. काकांना डावीकडे खालची थोडीशी कड परत मिळाली. स्कूटर मी बंद करायला सांगितली, त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. चालताना ठरवून डोळे आधी डावीकडे टाकायची सवय त्यांनी लावून घेतली. पोथीच्या पानाच्या डाव्या कडेला ते लाल पट्टी ठेवतात. ती दिसेपर्यंत नजर मागे न्यायची आणि मगच ओळ सुरू करायची. काकू आता चटणी उजवीकडे वाढतात. ते मात्र काकांना अजून पसंत नाही.